सोलापूर स्टेशनवर आपला डबा नेमका कुठे थांबेल, हे आधी कसं ओळखायचं?

प्रश्न: आई-बाबा पुरीला जगन्नाथाच्या दर्शनाला निघालेत. सोलापूरहून कोणार्क एक्स्प्रेस, तिकिटावर डबा B3. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं दुखणं आहे, सोबत दोन बॅगा. गाडी थांबणार जेमतेम काही मिनिटं. मागच्या वेळी ऐनवेळी प्लॅटफॉर्म बदलला आणि डबाही भलत्याच टोकाला आला. प्लॅटफॉर्म आणि डब्याची जागा आधी खात्रीने कशी कळेल? परत येताना त्यांना उतरवून घ्यायला मीच जाणार आहे.

उत्तर:

मी रेल्वेच्या परिचालन विभागात नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं प्लॅटफॉर्मवर आणि उद्घोषणेच्या खोलीत गेली. तुमच्या आईसारखी माणसं सामान ओढत गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावताना मी रोज बघितली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्लॅटफॉर्म. प्रत्येक गाडीला एक ठरलेला प्लॅटफॉर्म असतो आणि गाडी वेळेवर असली तर बहुतेक वेळा ती तिथेच येते. तो बदलतो तो उशिरामुळे. तुमची गाडी चाळीस मिनिटं मागे पडली की तिच्या जागेवर दुसरी गाडी उभी असते, किंवा मागून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते, आणि मग ड्युटीवरचा स्टेशन मास्तर तिला मोकळ्या लाइनीवर घेतो. म्हणून घरातून निघताना मोबाइलवर दिसणारा प्लॅटफॉर्म हा अंदाज असतो. NTES वर (enquiry.indianrail.gov.in) किंवा RailOne अॅपवर तो जरूर बघा, १३९ वर फोन करून विचारा, पण त्या आकड्याला शेवटचा शब्द समजू नका.

पक्का कधी होतो? गाडीसाठी होम सिग्नल दिला जातो तेव्हा. होम सिग्नल म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल. तो देण्यासाठी आधी रुळांचे काटे ठरावीक लाइनीकडे वळवून कुलूपबंद करावे लागतात, आणि सिग्नल दिल्यावर ते कुलूप सहज निघत नाही. गाडी जवळ आलेली असताना सिग्नल परत घेतला तरी काही वेळ थांबावंच लागतं, मगच रस्ता बदलता येतो. त्यामुळे त्यानंतर प्लॅटफॉर्म बदलणं अगदी क्वचित होतं.

तुम्हाला सिग्नल दिसणार नाही, पण गाडी कुठवर आली ते दिसतं. मुंबईकडून येणारी गाडी कुर्डुवाडी सोडते तेव्हा सोलापूरला पोचायला साधारण एक तास असतो. मग माढा, मोहोळ, पाकणी आणि शेवटी बाळे. मी स्वतः तीनदा बघतो. कुर्डुवाडी सुटल्यावर एकदा, तेव्हा स्टेशनला जायला निघायचं. मोहोळ ओलांडल्यावर दुसऱ्यांदा, तोपर्यंत आपण स्टेशनवर पोचलेले असायला हवं. पाकणी किंवा बाळे ओलांडल्यावर तिसऱ्यांदा, आणि या वेळी मोबाइलपेक्षा स्टेशनातल्या घोषणेकडे कान द्यायचा. घोषणा आणि मोबाइल यांत फरक पडला तर घोषणा खरी धरा, कारण ती करणाऱ्याला मास्तरकडून थेट निरोप मिळतो.

या काळात आई-बाबांना कुठे बसवायचं, हा खरा प्रश्न आहे. सर्वसाधारण सल्ला असतो, “डब्याच्या जागेवर जाऊन बसा.” गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो सल्ला मी देणार नाही. ती प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन बसली आणि प्लॅटफॉर्म बदलला, तर आधी परत पुलापर्यंत चालायचं, मग चढायचं, उतरायचं आणि पुन्हा चालायचं. मोहोळ मागे पडेपर्यंत त्यांना लिफ्टच्या किंवा पुलाच्या पायथ्याशी बाकावर बसवा. लिफ्ट चालू आहे की नाही ते तुम्ही आधीच स्वतः वर-खाली करून बघा. बंद असली तर डेप्युटी स्टेशन अधीक्षकांच्या खोलीत जाऊन चाकाची खुर्ची मागा आणि हमाल ठरवून ठेवा. हे काम गाडी यायच्या तासभर आधी करायचं असतं. घोषणा झाल्यावर हमाल हाताशी लागत नाही.

आता डबा. इथे बहुतेक लोक चुकतात, आणि चूक कशी होते ते एकदा कळलं की पुढे देशातल्या कुठल्याही स्टेशनवर उपयोगी पडतं.

NTES वर किंवा RailOne मध्ये गाडीच्या डब्यांचा क्रम बघता येतो. तो इंजिनापासून मोजलेला असतो. समजा तुमच्या गाडीचा क्रम असा दिसला (हा फक्त नमुना आहे, त्या दिवशीचा क्रम त्या दिवशी बघा):

```
ENG EOG GEN GEN S1 S2 S3 S4 S5 S6 PC B1 B2 B3 B4 B5 A1 A2 H1 GEN SLRD
```

यात EOG म्हणजे गाडीला वीज पुरवणारा जनरेटरचा डबा, PC म्हणजे पँट्री आणि SLRD म्हणजे दुसऱ्या टोकाचा गार्डचा डबा. इंजिन सोडून मोजलं तर B3 तेरावा येतो. एकूण डबे वीस. हल्लीचा एलएचबी डबा जोडासकट साधारण २४ मीटरचा असतो आणि विजेचं इंजिन साधारण २० मीटरचं. B3 च्या पुढे बारा डबे, म्हणजे २८८ मीटर, अधिक इंजिन. इंजिनाच्या नाकापासून B3 सुमारे ३१० मीटर मागे सुरू होईल. पावलांत मोजायचं तर मोठ्या माणसाच्या साध्या बत्तीस पावलांना एक डबा धरा.

पण इंजिन थांबणार कुठे? सोलापूरच्या प्लॅटफॉर्मला दोन बाजू आहेत, कुर्डुवाडीची आणि होटगीची. मुंबई-पुण्याकडून आलेली गाडी कुर्डुवाडीच्या बाजूने आत शिरते आणि तिचं इंजिन होटगीच्या बाजूला जाऊन थांबतं. वाडी, कलबुर्गीकडून आलेल्या गाडीचं बरोबर उलट. स्टेशनात शिरल्यावर पहिलं काम म्हणजे कुणालाही, चहावाल्याला विचारलं तरी चालेल, “होटगीची बाजू कुठली?” हे विचारून घ्या. आई-बाबांची गाडी मुंबईकडून येणार, म्हणून मोजणी होटगीच्या टोकाकडून सुरू करायची.

अगदी टोकापासून मात्र मोजू नका. इंजिन प्लॅटफॉर्मच्या शेवटच्या फरशीला लागत नाही, ते थोडं अलीकडे थांबतं, आणि गाडी लहान असली तर बरंच अलीकडे. प्लॅटफॉर्मवर छताला टांगलेले डब्याचे इंडिकेटर चालू असतील तर मोजत बसायची गरजच नाही. ते गाडी जवळ आल्यावर लागतात. त्यावर आळीपाळीने गाडीचा क्रमांक आणि डब्याचा क्रमांक येतो. लोक फक्त B3 बघतात आणि तिथेच बॅग टेकवतात. जरा थांबून गाडीचा क्रमांक 11019 येतो का ते बघा. आधीच्या गाडीची माहिती अजून उतरलेली नसेल तर तो B3 तुमचा नाही. एका मोठ्या जंक्शनवर मी माझ्या सख्ख्या मावशीला अशाच जुन्या इंडिकेटरखाली उभं केलं होतं. मी त्याच कामातला माणूस, तरी क्रमांक बघितला नाही. तिला सात डबे मागे चालावं लागलं आणि ती दारात पोचली तेव्हा गाडी हलायला लागली होती.

आता मागच्या वेळी तुमचा डबा “भलत्याच टोकाला” का आला, त्याकडे येतो. बहुधा गाडीचे डबे उलट्या क्रमाने लागले होते, किंवा तुम्ही बघितलेला क्रम दुसऱ्या स्टेशनवरचा होता. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. डबे जोडलेली गाडी, तिला आम्ही रेक म्हणतो, शेवटच्या स्टेशनवर फिरवून सरळ करत नाहीत. इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावतात आणि रेक आला तसाच मागे फिरतो. वाटेतही काही स्टेशनं अशी आहेत, की गाडी ज्या बाजूने शिरते त्याच बाजूने बाहेर पडते. तिथे इंजिन दुसऱ्या टोकाला जातं आणि आतापर्यंत शेवटचा असलेला डबा पहिला होतो.

कोणार्क एक्स्प्रेसच्या वाटेवर अशी दोन स्टेशनं आहेत, विजयवाडा आणि विशाखापट्टणम. मुंबई, पुणे, सोलापूर, वाडी, सिकंदराबाद करत गाडी विजयवाड्याला शिरते, तिथून दिशा बदलून विशाखापट्टणमला जाते आणि तिथे पुन्हा दिशा बदलून विजयनगरम, ब्रह्मपूर, खुर्दा रोडकडे निघते. म्हणून नियम असा लक्षात ठेवा: गाडी सुटते त्या स्टेशनापासून तुमच्या स्टेशनापर्यंत दिशा किती वेळा बदलते ते मोजा. एकदाही नाही किंवा दोनदा, तर सुरुवातीच्या स्टेशनावरचा क्रम तसाच धरायचा. एकदा बदलत असेल तर तो उलटा वाचायचा.

मुंबईपासून सोलापूरपर्यंत कोणार्कची दिशा कुठेही बदलत नाही. म्हणून जाताना मुंबईचा क्रम सोलापूरला तसाच लागू, B3 इंजिनापासून तेरावा. आई-बाबा पुरीसाठी खुर्दा रोडला उतरतील तेव्हा विजयवाडा आणि विशाखापट्टणम दोन्ही मागे पडलेली असतील, म्हणजे दिशा दोनदा बदललेली असेल. तिथेही हाच B3 इंजिनापासून तेरावाच असेल. त्यांना घ्यायला तिकडे कुणी येणार असेल तर त्यांना “तेरावा” सांगा.

परतीला, म्हणजे ११०२० ला, गंमत उलटी होते आणि तुम्ही उतरवून घ्यायला उभे असाल म्हणून ती नीट समजून घ्या. भुवनेश्वरला आलेला रेक तसाच मागे फिरला तर तिथे इंजिन SLRD च्या बाजूला लागेल आणि B3 इंजिनापासून आठवा येईल. विशाखापट्टणम आणि विजयवाडा मिळून दिशा दोनदा बदलेल, म्हणून सोलापूरला गाडी येईल तेव्हाही B3 आठवाच असेल. जातानाचा क्रम धरून तुम्ही तेराव्या डब्याच्या जागेवर उभे राहिलात तर पाच डबे, म्हणजे १२० मीटर चुकाल. तुम्ही ते पळत गाठाल, पण तोवर आईला बॅगा आणि उंच पायऱ्या एकटीने सांभाळाव्या लागतील.

याची खात्री करायला माझी एक साधी पद्धत आहे. परतीच्या प्रवासात गाडी वाडीच्या आसपास आली की बाबांना फोन करा आणि विचारा, “गाडी ज्या दिशेने चाललीय, त्या दिशेला तोंड करून उभं राहिलं तर पुढचा डबा B2 आहे की B4?” दाराजवळ जाऊन पुढच्या डब्याची पाटी वाचली की उत्तर मिळतं. B2 पुढे असेल तर वरच्या नमुन्याच्या क्रमाप्रमाणे गाडी सरळ, B4 पुढे असेल तर उलटी. कुठलंही अॅप न उघडता हे कळतं. एक काळजी घ्यायला सांगा: गाडी चालू असताना बाहेरचं दार उघडायचं नाही, दोन डब्यांमधल्या आतल्या वाटेने जायचं.

आणखी एक गोष्ट यातून निघते. रेक फिरत नाही म्हणून जाताना सोलापूरच्या प्लॅटफॉर्मवर जो डबा होटगीच्या बाजूला असतो, तो परतीलाही होटगीच्याच बाजूला राहतो. बदलतं ते इंजिन. जाताना ते होटगीकडे, येताना कुर्डुवाडीकडे. जाताना EOG आणि S1 होटगीकडे दिसले असतील तर परतीलाही ते तिकडेच दिसायला हवेत. आई-बाबांना गाडीत बसवल्यावर मान वळवून हे एकदा बघून ठेवा. परतीच्या रात्री तोच अंदाज धरून उभे राहिलात तर सहसा चुकणार नाही.

सहसा म्हणतो, कारण अपवाद आहे. पूर, अपघात किंवा लाइनीचं काम असलं की गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवतात. वाटेतलं दिशा बदलणारं स्टेशन टळलं, किंवा नेहमी नसलेलं एखादं मध्ये आलं, की रेक उलटा होतो. आपल्याच बाजूचं उदाहरण दौंडचं. मनमाडकडून सोलापूरकडे येणारी गाडी दौंड जंक्शनात शिरली तर तिथे तिची दिशा बदलते, पण दौंड कॉर्ड लाइनने आली तर सरळ निघते. म्हणजे एकच गाडी एके दिवशी एका वाटेने आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाटेने आली तर सोलापूरला तिचे डबे उलटसुलट दिसतील. कोणार्कचा दौंड कॉर्डशी संबंध नाही, पण पुढे-मागे कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्लीकडे जायची वेळ आली तर हे आठवेल. गाडी वळवली आहे अशी बातमी कानावर आली, की मोबाइलवरच्या क्रमावर विसंबू नका.

अशा वेळी, किंवा इंडिकेटर बंद असले आणि काहीच नक्की कळत नसलं, तर उभं कुठे राहायचं? गाडीच्या मधोमध. वरच्या नमुन्यात B3 तेरावा असला तर तो मध्यापासून सुमारे ६० मीटर एका बाजूला असतो, आठवा असला तर तितकाच दुसऱ्या बाजूला. मधोमध उभं राहिलं तर कुठल्याही बाजूला चालायचं अंतर अडीच डब्यांचं. टोकाला पैज लावून चुकलात तर पाच डबे. गुडघे दुखणारं माणूस सेकंदाला अर्धा मीटर चालतं असं धरा. साठ मीटरला दोन मिनिटं लागतात, एकशेवीसला चार. गाडी जेवढी थांबते तेवढ्यात हाच फरक पडतो. वीस डब्यांच्या गाडीचा मध्य इंजिन थांबण्याच्या जागेपासून साधारण २६० मीटरवर येतो.

गाडी आत शिरत असताना डब्यांच्या पाट्या वाचायला लागा. रात्रीची वेळ असते, म्हणून तुम्ही थोडं मागे, गाडी ज्या बाजूने आत शिरते तिकडे, आणि घरातलं दुसरं कुणी आई-बाबांजवळ असं उभं राहा. पहिले तीन-चार डबे डोळ्यांसमोरून गेले की क्रम सरळ की उलटा ते कळतं. जनरल झाल्यावर S1 दिसला तर सरळ, H1 आणि A2 दिसले तर उलटी. ओरडून सांगायला किंवा फोन करायला तेवढा वेळ पुरतो, कारण गाडी अजून सरकतच असते. पाटी वाचताना B आणि M यांत गल्लत करू नका. M म्हणजे इकॉनॉमी थ्री टियर, त्याचा M3 हा वेगळा डबा. BE1 दिसला तर तो वाढीव लावलेला एसी डबा, तोही तुमचा नाही.

आणि सगळं करूनही गाडी हलायची वेळ झाली आणि डबा अजून लांब असला तर जवळच्या एसी डब्यात चढवा. B1 पासून A2 पर्यंतचे डबे आतून जोडलेले असतात, बसल्यावर आतून सावकाश B3 पर्यंत जाता येतं. स्लीपरमधून यायचं झालं तर मध्ये पँट्री लागते आणि रात्री मधलं दार बंद असू शकतं, म्हणून शक्यतो एसीच्या बाजूनेच चढवा. जनरलमध्ये मात्र चढवू नका. तिथून आतून वाट मिळेल याचा भरवसा नसतो आणि पुढच्या थांब्याला उतरून पुन्हा पळावं लागतं. तुम्ही स्वतः बॅगा ठेवायला आत शिरलात तर आधी आई-बाबांना बसवा, मग बॅगा आत ढकला आणि लगेच उतरा. गाडी सुटल्यावर बॅगा सीटखाली लावून द्यायला डब्यातलं कुणीही मदत करतं.